भाव वाढवू की भाजी कमी करू?

*दुपारचे ३० डबे घरून देते. डब्यात ४ पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर. महिन्याचे २,२०० रुपये, रविवार सोडून २६ दिवस. पोळ्यांना एक बाई येतात, पोळीमागे ३ रुपये घेतात. डबे पोचवायला मुलगा आहे, त्याला ७,८०० देते. कागदावर ६६,००० जमा होतात, पण खाडे वजा करून आणि सगळी देणी भागवून माझ्या हातात पाच हजारांच्या आसपासच उरतात. चव चांगली आहे, कुणाची तक्रार नाही. पलीकडच्या इमारतीत २,००० रुपयांत डबा मिळतो, म्हणून भाव वाढवायची भीती वाटते. भाजी थोडी कमी करू, की स्वस्त तेल वापरू? आठवड्याचा मेनू आणि सध्याच्या खरेदीचे भाव सोबत पाठवले आहेत. — एक वाचक*

ताई, तुम्हाला सुचलेले दोन्ही उपाय आधी मोजून बघू. माणशी १२० ग्रॅम भाजीऐवजी १०० ग्रॅम दिली तर तुमच्या भावांनी डब्यामागे जेमतेम दोन रुपये वाचतात. एका डब्यात पोळी, फोडणी आणि आमटी मिळून साधारण १५ ग्रॅम तेल जातं. लिटरमागे २० रुपयांनी स्वस्त तेल आणलं तर वाचतात तेहेतीस पैसे. दोन्ही मिळून महिन्याला अठराशे रुपये हाती लागतील. पण डबा उघडल्यावर आधी दिसते ती भाजी आणि आधी वास येतो तो तेलाचा. म्हणजे जिथे सगळ्यांत कमी पैसे वाचतात नेमकी तिथेच कात्री लागते आणि ती गिऱ्हाइकाला लगेच कळतेही.

तुमच्या पत्रात एक गृहीतक लपलं आहे. एकतर भाव कमी आहे किंवा डब्यात माल जास्त जातो, असं तुम्ही धरून चालला आहात. यादीवरून तसं दिसत नाही. पैसे तीन ठिकाणी गळतात: मेनूची जुळवणी, खाडे आणि घरच्यांचं जेवण. भावाकडे शेवटी वळू.

आधी डब्याचा खर्च काढू. तो रोजचा कायमचा भाग आणि त्या दिवशीची भाजी असा वेगळा मांडायचा. कायमच्या भागात मोठा वाटा पोळीचा. एक किलो कणकेत ३० ग्रॅमच्या हिशोबाने ३३ पोळ्या होतात, म्हणून चार पोळ्यांना १२० ग्रॅम पीठ. गहू, दळणाची मजुरी आणि चाळताना जाणारा कोंडा धरून तुमचं पीठ ४४ रुपये किलो पडतं, म्हणजे ५.३० रुपये. तांदूळ ६० ग्रॅम, ६० रुपये किलोने ३.६० रुपये. तूरडाळ २५ ग्रॅम, १४० रुपये किलोने ३.५० रुपये. तेल अडीच रुपयांचं, कोशिंबीर तीन रुपयांची. मीठ, मसाला, गूळ, चिंच, मिरची, कोथिंबीर यांचे तीन रुपये. हे शेवटचे तीन रुपये बहुतेकजणी धरतच नाहीत, कारण मसाला डब्यामागे विकत आणला जात नाही. महिन्याला या किरकोळ मालावर किती गेले ते बिलांवरून काढायचं आणि ७८० डब्यांनी भागायचं, एवढं सोपं आहे ते. सगळं मिळून कायमचा भाग २१ रुपयांच्या आत बसतो.

भाजीचा हिशोब मात्र मंडईतल्या भावाने करायचा नाही, निवडून झाल्यावर उरलेल्या वजनाने करायचा. इथे भलेभले फसतात. तुम्ही ८० रुपये किलोने मटार आणता. शेंगा सोलल्यावर किलोमागे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात, म्हणजे दाणा पडतो १७८ रुपये किलो. कोबीचं वेगळं. वरची पानं आणि दांडा काढून किलोतून आठशे ग्रॅम उरतो, म्हणून ३० रुपयांचा कोबी खरा साडेसदतीसचा. मेथीत तर निम्माच पाला हाती येतो. साडेतीनशे ग्रॅमची जुडी निवडली की १९० ग्रॅम पाला, आणि शिजवल्यावर तो इतका आळतो की माणशी ९० ग्रॅम तरी लागतोच. थोडक्यात, एका जुडीत दोन डबे. ‘एका जुडीत चौघं’ हे घरच्या जेवणाचं माप आहे. घरी ताटात दुसरी भाजीही असते, डब्यात ती नसते.

हे प्रमाण तोंडपाठ करायची गरज नाही. दहा किलोपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा ओट्यावर ठेवा आणि एक आठवडा प्रत्येक भाजी निवडायच्या आधी आणि नंतर वजन करा. भावाला त्या प्रमाणाने भागलं की खरा भाव मिळतो: ४० रुपयांच्या भाजीतली ८० टक्के उरत असेल तर ४० भागिले ०.८, म्हणजे ५० रुपये. ऋतू बदलला की प्रमाणही बदलतं. पावसाळ्यातली मेथी किंवा फ्लॉवर यात नासाडी जास्त असते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा वजन करून घ्यावं.

आता तुमचा मेनू. सोमवारी भेंडी, मंगळवारी मेथी, बुधवारी पनीर, गुरुवारी मटार-बटाटा, शुक्रवारी गवार, शनिवारी छोले आणि शिरा. खऱ्या भावाने मांडलं तर भेंडी साडेनऊ रुपयांना पडते, मेथी आणि गवार प्रत्येकी बारा, मटार-बटाटा चौदा. पनीर ५० ग्रॅमचे वीस आणि कांदा, टोमॅटो, जादा तेलाचे आठ, असे अठ्ठावीस. शनिवारी छोले दहा आणि शिरा चौदा, मिळून चोवीस. शिऱ्याच्या चौदा रुपयांपैकी जवळजवळ आठ एकट्या तुपाचे आहेत. कोबीची अख्खी भाजी त्याहून स्वस्तात होते! आठवड्याची भाजी डब्यामागे साडेनव्याण्णव रुपये झाली, म्हणजे सरासरी १६.६०. कायमचा भाग मिळवला की एका डब्याचं अन्न ३७.६० रुपयांना पडतं.

यात एकही दिवस स्वस्त नाही, हे तुमच्या मेनूचं दुखणं. पनीर महाग आहे हे तुम्हाला माहीतच होतं, पण बाकीचे दिवस स्वस्त असतील असं वाटत राहिलं. गवार, मटार, भेंडी या तिन्ही महागाच्या फळभाज्या एकाच आठवड्यात आल्या. कडधान्य एकदाच आलं, तेही शिऱ्याच्या जोडीला. बेसन तर कुठेच नाही. भाव तुम्ही महिन्याचा ठरवून घेता, पण खर्च रोज बदलतो. म्हणून एकेका दिवसाला ‘हा परवडतो का’ असं विचारण्यात अर्थ नाही. आठवडाभराच्या भाजीसाठी डब्यामागे एक रक्कम ठरवायची आणि सहा दिवस त्यात बसवायचे. तुमच्यासाठी ती रक्कम ७० रुपये ठेवू.

अन्नाशिवायचा खर्चही जोडून घेऊ. पोळ्यांची मजुरी डब्यामागे बारा रुपये, पोचवण्याचे दहा. गॅसचा हिशोब अंदाजाने करू नका. सिलिंडर लावला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहा आणि संपेपर्यंत किती डबे झाले ते मोजा. १९ किलोचा सिलिंडर तुम्हाला वीस दिवस पुरतो असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे सहाशे डबे, १,८०० रुपयांनी डब्यामागे तीन. (काहीजणी घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर डबे करतात आणि हिशोबात गॅस स्वस्त दाखवतात. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायची परवानगी नाही, त्यामुळे हिशोब नेहमी व्यावसायिक सिलिंडरचाच धरावा.) डबे घासणं, साबण आणि हरवलेली झाकणं यांचे दोन रुपये, वीज आणि भांडीवाल्या बाईंचे दोन. असे २९ रुपये. अन्न मिळवून ६६.६०.

तुम्हाला डब्यामागे मिळतात ८४.६० रुपये. अठरा रुपये उरायला हवेत, महिन्याला चौदा हजार. मग हातात पाचच हजार का येतात?

पहिलं कारण घरचं जेवण. तुम्ही रोज ३४ जणांचा स्वयंपाक करता आणि घरचे चौघं त्यातच जेवतात. त्यात गैर काही नाही, उलट सोयीचं आहे. पण रोज चार जणांचं अन्न म्हणजे महिन्याला ३,९०० रुपये, डब्यामागे पाच. हे डब्यांचं नुकसान नाही, तुमच्या घराने डब्यांकडून घेतलेलं जेवण आहे. पहिल्या तारखेला घरखर्चातून ३,९०० रुपये डब्याच्या पाकिटात टाका. एवढं केलं की निदान हिशोब खरं बोलायला लागेल. ‘धंद्यात काही उरत नाही’ असं घरात म्हटलं जातं तेव्हा त्या धंद्यावर किती ताटं निघतात हेही मग दिसेल.

दुसरं कारण खाडे. गिऱ्हाईकमागे महिन्याला दोन खाडे तुम्ही वजा करता. साठ खाडे म्हणजे ५,०७६ रुपये परत जातात. शिवाय बहुतेकजण सकाळी नऊ-दहाला कळवतात, म्हणजे पोळ्या लाटून झालेल्या असतात आणि भाजी फोडणीला पडलेली असते. पैसेही गेले आणि अन्नही झालं. हा भाग भाववाढीहून मोठा आहे, आणि यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही. नियम एवढाच करा: आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तरच खाडा धरला जाईल, आणि तो रोख परत न देता पुढे एक दिवस जादा डबा मिळेल. साठातले निम्मे खाडे वेळेत कळले तर त्या तीस डब्यांचं अन्न तुम्ही शिजवणारच नाही, ११०० रुपये वाचले. उरलेल्या तीसांचे पैसे वजा होणार नाहीत, ते झाले अडीच हजार. तीन हजार सहाशेच्या वर रक्कम नुसत्या एका वेळेच्या अटीवर उभी आहे. वेळेत कळवलेल्या खाड्याचा जादा डबा पुढे तुम्हाला द्यावा लागेलच, तेवढा त्यातून वजा धरा. तरी उशिराच्या खाड्यांचा अडीच हजारांचा फायदा कुठे जात नाही. आजारपण, अचानक गावी जाणं अशा वेळी सूट द्यायला हरकत नाही, पण ती सूट म्हणून द्या आणि वहीत तशी लिहा.

आता ७० रुपयांत आठवडा. पनीर अजिबात काढू नका. महिनाभर डबा घेणारा माणूस बुधवारची वाट बघत असतो. गवार गेली तर कुणाला आठवणार नाही. म्हणून पनीरचे २८ तसेच ठेवायचे आणि उरलेल्या ४२ रुपयांत पाच दिवस काढायचे. सोमवारी चणाडाळ घातलेला कोबी, साडेपाच रुपये. मंगळवारी मोड आलेल्या मटकीची उसळ: माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी, कांदा-खोबऱ्यासकट साडेसहा. गुरुवारी मेथी, बारा. शुक्रवारी झुणका, आठ. शनिवारी छोले, दहा. झाले सत्तर. शिरा दर शनिवारऐवजी महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी द्या, आणि त्याचे चौदा रुपये वेगळे काढून ठेवा. नुसत्या या बदलाने डब्यामागे जवळजवळ पाच रुपये वाचतात, महिन्याला सुमारे ३,८००. शेवटच्या शनिवारच्या शिऱ्याचे चारशे-सव्वाचारशे त्यातून गेले तरी साडेतीन हजारांच्या जवळ उरतात.

वार असेच का लावले, हेही सांगते. कोबी रविवारच्या बाजारातून आणला तरी टिकतो. मटकी रविवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून बांधायची, म्हणजे मंगळवारी सकाळपर्यंत मोड तयार. थंडीत मोडांना वेळ जास्त लागतो, तेव्हा शनिवारी रात्रीच भिजत घालावी. मेथी बुधवारी संध्याकाळी आणून रात्री निवडायची. पंधरा जुड्या सकाळी निवडायला बसलात तर डबे वेळेत निघणार नाहीत. भेंडी मी मुद्दाम काढली, आणि तिच्या भावामुळे नाही. बंद डब्यात वाफ धरली की भेंडी ओलसर, चिकट होते, मग चव कितीही चांगली असो, दुपारी एक वाजता ती तशी लागत नाही. तसंच झुणक्याऐवजी पिठलं द्यावंसं वाटेल, पण पिठलं गार होता होता गोठतं. झुणका मोकळा राहतो. त्या दिवशी आमटीऐवजी कढी दिली तरी चालेल, मात्र ताकाचा खर्च तूरडाळीच्या साडेतीन रुपयांच्या आत बसतो का ते आधी बघा.

मेनू गिऱ्हाइकांना पाठवताना मात्र भाजीचं नाव लिहू नका, प्रकार लिहा: सोमवारी फळभाजी, मंगळवारी मोडाची उसळ, गुरुवारी पालेभाजी, शुक्रवारी बेसन. नाव लिहिलं की तुम्ही त्या भाजीला बांधल्या जाता. पावसाळ्यात कोबी साठ रुपयांवर गेला तरी ‘सोमवारी कोबी’ म्हणून आणावाच लागतो. प्रकार लिहिला असेल तर दुधी, लाल भोपळा, दोडका यांपैकी जे स्वस्त असेल ते आणता येतं. प्रत्येक प्रकाराला निवडलेल्या वजनाचा एक कमाल भाव ठरवून घ्या. फळभाजीला ५० रुपये किलो धरला तर १२० ग्रॅमचे सहा रुपये होतात. मंडईत भाव विचारला की मनातल्या मनात निवडीचं प्रमाण लावायचं, पन्नासच्या वर गेलं तर पुढच्या गाळ्यावर जायचं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला होता, तेव्हा ज्यांच्या आमटीला टोमॅटोच लागत होता त्यांचं गणित कोलमडलं. आमटी चिंचेची किंवा आमसुलाची करायची सवय असेल तर अशा महिन्याचा धक्का बसत नाही.

मेनू कागदावर कितीही बरोबर असला तरी तो डबे भरताना बिघडतो. हात सैल असतो आणि पातेलं भरलेलं असतं तेव्हा पहिल्या दहा डब्यांत भाजी जास्त जाते. शेवटचे चार डबे कमी पडतात, मग पुढच्या दिवशी आपण ‘कमी पडायला नको’ म्हणून जास्त करतो. असं महिनाभर चाललं की १२० ग्रॅमची भाजी कधी १५० झाली ते कळतही नाही. यावर उपाय म्हणजे ठरलेली एक वाटी, काठोकाठ, प्रत्येक डब्यात तेवढीच. रोज भाजी झाल्यावर पातेलं वजन करा, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा आणि डबे व घरची ताटं मिळून जी संख्या होते तिने भागा, म्हणजे वाटी किती ग्रॅमची घ्यायची ते समजेल. पनीरला तर वजनाऐवजी तुकडे मोजा. दीड किलो पनीरचे दीडशे सारखे तुकडे करून डब्यात पाच. एक तुकडा जादा गेला की चार रुपये गेले, तीस डब्यांचे एकशेवीस. पोळीची परीक्षा वेगळी. बाईंनी एक किलो कणकेत किती पोळ्या केल्या ते अधूनमधून मोजत जा. तेहेतीसच्या अठ्ठावीस झाल्या तर पोळी जाड झाली आहे, आणि डब्यामागे एक रुपया गेला. यात बाईंचा दोष नाही. त्यांना पोळीमागे पैसे मिळतात, त्यामुळे मोठा गोळा घेऊन लवकर संपवण्याकडे कल असणारच. गोळा किती ग्रॅमचा घ्यायचा ते तुम्हीच काट्यावर दाखवून द्या: कणीक भिजवल्यावर साधारण ४८ ग्रॅम.

आता भाव. पोळ्यांच्या बाई तुमच्याकडून महिन्याला ९,३६० रुपये नेतात आणि तेवढ्यासाठी रोज अडीच-तीन तास देतात. तुम्ही मंडई, निवडणं, स्वयंपाक, डबे भरणं आणि हिशोब मिळून त्याच्या दुप्पट वेळ देता आणि पाच हजारांवर राहता. स्वतःची मजुरी नफ्यात धरण्याची सवय आधी सोडा. ती खर्चात धरा. डब्यामागे पंधरा रुपये, म्हणजे महिन्याला ११,७००. तेवढी आधी काढून घ्या, त्यानंतर उरेल तो नफा. नवा मेनू, खाड्याचा नियम आणि घरचं जेवण वेगळं धरल्यावर तुमच्या मजुरीची रक्कम २,२०० रुपयांतच निघते, आणि त्यावर थोडं उरतंही. पण ‘थोडं’ म्हणजे फारच थोडं, एखादा महागाईचा महिना किंवा मिक्सरची दुरुस्ती त्यात बसणार नाही. म्हणून भाव वाढवायचाच आहे, पण तुम्हाला वाटतो तसा तो जुगार नाही. हे बघा.

एक गिऱ्हाईक वाढलं तर नव्या मेनूने त्याचं अन्न, पोळ्यांची मजुरी, गॅस आणि डबा घासणं मिळून खर्च वाढतो जवळजवळ पन्नास रुपये रोज, महिन्याला १,३००. पोचवणारा मुलगा, वीज आणि भांडीवाल्या बाई यांचा खर्च तोच राहतो. २,२०० रुपयांत प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्या हातावर ९०० ठेवतं, तीसजणांचे २७,०००. भाव २,३५० केला तर प्रत्येकाचे १,०५० होतात. मग तीसपैकी चारजण सोडून गेले तरी २६ जणांचे २७,३०० येतात. चार डबे कमी करूनही तीनशे रुपये जास्त, आणि रोज सोळा पोळ्या कमी. पाचवा गेला तरच घाटा सुरू होतो. दीडशे रुपयांसाठी, चव आवडत असताना, पाचजण सोडून जातील का, हा प्रश्न आता तुम्ही स्वतःच्या गिऱ्हाइकांची नावं डोळ्यांपुढे आणून सोडवू शकता.

पलीकडच्या २,००० रुपयांच्या डब्याची भीती घालवायची असेल तर कुणाकडून तरी तो एक दिवस मागवा आणि काट्यावर ठेवा. पोळ्या किती, वजन किती, भात आहे की नाही, कोशिंबीर रोज असते का. दोनशे रुपयांचा फरक म्हणजे रोजचे साडेसात रुपये. एक पोळी आणि कोशिंबीर काढली की ते निघतात. तसं असेल तर ती तुमच्याशी स्पर्धाच नाही, तो वेगळा डबा आहे.

कुणी ‘भात नको, तीन पोळ्या आणि भाजीच द्या, पैसे निम्मे घ्या’ असं म्हणेल. निम्म्याला कधीही हो म्हणू नका. भात, आमटी, कोशिंबीर आणि एक पोळी काढून तुमचे वाचतात रोजचे फार तर पंधरा रुपये, महिन्याला ३९०. पोचवणं, डबा घासणं, भाजी, तुमचा वेळ सगळं तसंच राहतं. त्यामुळे अर्धा डबा पूर्ण डब्याहून साडेतीनशे-चारशेनेच स्वस्त असू शकतो. शिवाय असे आठ-दहा झाले की डबे भरताना गोंधळ होतो, तो वेगळाच.

सगळं एकाच महिन्यात करू नका. मेनू येत्या सोमवारपासून बदला, त्याची घोषणा करायचीही गरज नाही. खाड्याचा नियम पुढच्या एक तारखेपासून लावा. भाव त्यानंतर दोन महिन्यांनी वाढवा, पंधरा दिवस आधी कळवून, आणि नवरात्र, दिवाळी, कॉलेजच्या सुट्ट्या असे महिने टाळून, कारण तेव्हा माणसं तशीही डबा बंद करतात आणि सोडून गेला तो भावामुळे की सुट्टीमुळे हे कळत नाही. भाव वाढवल्यावर किती गेले ते पहिल्या आठवड्यात मोजू नका. महिन्याचे पैसे दिलेला माणूस महिना संपेपर्यंत थांबतोच. खरा आकडा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला दिसेल.